सहा मुलं, सहा फोन आणि एक फळा

*ताई, मी कराडला घरी सहावीच्या सहा मुलांची गणिताची शिकवणी घेत होते. यजमानांची बदली झाल्यामुळे आता नाशिकहून गूगल मीटवर शिकवते. मुलं आईवडिलांच्या फोनवरून बसतात. माझ्याकडे जुना लॅपटॉप आणि एक फोन आहे. वही कॅमेऱ्यासमोर धरून हात भरून येतो, आणि मुलं काय लिहितायत ते मला दिसतच नाही. ‘समजलं ना?’ विचारलं की सगळे ‘हो बाई’ म्हणतात, चाचणीत मात्र तेच चुकतं. एकाने मोठा डिजिटल बोर्ड घ्यायला सांगितलाय, दुसऱ्याने काहूट या प्रश्नमंजूषेच्या अॅपची वर्गणी भरायला. फळा कोणता घेऊ, प्रश्नमंजूषा कशावर करू आणि खर्च किती करू?*

*– एक शिकवणीवाल्या बाई, नाशिक*

बाई, डिजिटल बोर्ड घेऊ नका. तो समोर खोलीत बसलेल्या मुलांसाठी असतो. तुमची मुलं कराडला, त्यामुळे त्या महागड्या बोर्डाचा मोठेपणा त्यांच्या छोट्या पडद्यावर उरणारच नाही. काहूटची वर्गणीही नको, त्याबद्दल पुढे सांगते.

आधी हाताचं दुखणं संपवू. तुमचा फोन हाच तुमचा फळा करा. टेबलावर पुस्तकांची चळत रचा, तिच्यावर लाकडी पट्टी अशी ठेवा की तिचं टोक बाहेर येईल, वर जड शब्दकोश ठेवा आणि त्या टोकावर फोन मागचा कॅमेरा खाली करून रबराने बांधा. खाली वही. त्या फोनवरूनही त्याच मीटमध्ये या, पण फोनचा माइक बंद आणि आवाज शून्य, नाहीतर लॅपटॉप आणि फोन एकमेकांचं ऐकून शिट्टी मारत बसतात. मुलांना फोनवाली चौकट पिन करायला सांगा. उजव्या हाताने लिहीत असाल तर दिवा डावीकडून येऊ द्या, म्हणजे अंकावर हाताची सावली पडणार नाही. मीट तुमचा चेहरा तुम्हाला आरशासारखा उलटा दाखवतं. लॅपटॉपच्या कॅमेऱ्यासमोर काही लिहून धरलंत आणि तुम्हाला ते उलटं दिसलं, तरी मुलांना सरळच दिसतं. यावरून घाबरून सेटिंग बदलत बसणारे बरेच शिक्षक मी पाहिलेत.

पुढे कधी लॅपटॉपवरच लिहावंसं वाटलं तर बिनपडद्याचा छोटा पेन टॅब्लेट घ्या. तुमच्या सगळ्या यादीत पैसे घालण्याजोगी तेवढी एकच वस्तू आहे. हात टेबलावर आणि नजर पडद्यावर, याची सवय व्हायला थोडे दिवस लागतात, तोवर अक्षर बालवाडीतलं येतं. त्यावर लिहायला ओपनबोर्ड हे लॅपटॉपवर उतरवून घ्यायचं मोफत सॉफ्टवेअर आहे, किंवा ब्राउझरमध्ये excalidraw.com उघडा. यातल्या एक्सकॅलिड्रॉला खातंसुद्धा लागत नाही. यूट्यूबवरच्या लॉकडाउनच्या काळातल्या व्हिडिओंत सगळे जॅमबोर्ड नावाचा ऑनलाइन फळा दाखवतात. गूगलने तो 31 डिसेंबर 2024 ला कायमचा बंद केला, तेव्हा तो शोधत बसू नका.

पण खरी अडचण तुमच्या फळ्याची नाही, मुलांच्या फळ्याची आहे. घरी जमिनीवर बसलेल्या सहा वह्यांवर तुमची नजर फिरायची. समच्छेद करताना कोण अडलंय, हे तुम्ही काही न विचारता ओळखत होतात. मीटवर ती नजर गेली, आणि ‘हो बाई’ तेवढं उरलं. म्हणून साधन निवडताना मी दोनच गोष्टी पाहीन. एक, प्रत्येक मुलाचं काम ते करत असतानाच मला दिसतं का? दुसरी, मुलाला खातं न काढता आत येता येतं का? सहावीची मुलं अकरा-बारा वर्षांची. गूगलसकट बहुतेक ठिकाणी स्वतःच्या खात्याला 13 वर्षांची अट असते, आणि दर वेळी बाबांचा पासवर्ड मागण्यात पंधरा मिनिटं जातात.

या दोन्ही कसोट्यांना उतरणारं साधन म्हणजे व्हाइटबोर्ड डॉट एफआय, पत्ता whiteboard.fi. तुम्ही वर्ग उघडता, एक दुवा आणि कोड मिळतो, तो मीटच्या चॅटमध्ये टाकता. मूल दुवा दाबून नाव लिहितं आणि आत येतं. आत आल्यावर प्रत्येकाला स्वतःचा वेगळा फळा मिळतो. मुलांना एकमेकांचे फळे दिसत नाहीत, तुम्हाला मात्र सहाही एका पानावर दिसतात, रेघ ओढली जात असतानाच. तुम्ही तुमच्या फळ्यावर काढलेलं चित्र एका बटणाने सहाही फळ्यांवर पाठवता येतं. माझ्या मते तुमच्यासाठी हेच एक बटण बाकी सगळ्या सोयींपेक्षा मोलाचं आहे.

एक्सकॅलिड्रॉमध्येही दुवा देऊन सगळ्यांना एका फळ्यावर आणता येतं, पण तो फळा सामाईक असतो. लॅपटॉपवरच्या नववी-दहावीच्या मुलांना तो चालतो. फोनवर बोटांनी मागेपुढे करताना सहावीचं पोर त्या अफाट पांढऱ्या मैदानात हरवतं, आणि कुणीतरी गंमत म्हणून सगळं पुसतं. दुवा ज्याच्याकडे, त्याला पुसायचाही हक्क असतो. तेव्हा एक्सकॅलिड्रॉ चित्रं तयार करायला ठेवा, मुलांना व्हाइटबोर्ड डॉट एफआय द्या.

आता फोनची मर्यादा. बोटाने सहा इंची पडद्यावर अपूर्णांकांची चार ओळींची बेरीज लिहिता येत नाही. अंश पडद्यात मावतो, तोवर छेद खाली निसटतो. मुलं वैतागतात आणि तुम्हाला वाटतं त्यांना येत नाही. म्हणून पायऱ्या वहीतच करू द्या आणि फळ्यावर असं काम द्या, जे जाड बोटालाही जमतं: रंगवणं, गोल करणं, रिकाम्या चौकटीत एकच अंक लिहिणं, रेघेवर खूण करणं. ज्याच्या फोनवर दुवा उघडतच नाही, त्याला पाटी घेऊन बसायला सांगा. तीन म्हटल्यावर पाटी कॅमेऱ्यासमोर. एखाद-दुसऱ्या मुलासाठी ही सोय उत्तम चालते. सहा पाट्या मीटच्या छोट्या चौकटींत वाचणं मात्र डोळ्यांचं काम आहे.

फळ्यावर नेमकं कुणाला काय द्यायचं, हे कळायला प्रश्नमंजूषा हवी. इथे बहुतेक जण साधन शोधण्यात वेळ घालवतात आणि प्रश्न पुस्तकातून जसेच्या तसे उचलतात. साधन म्हणून गूगल फॉर्म पुरेसा आहे. मेहनत घ्यायची ती पर्यायांवर.

सहावीचंच उदाहरण घेऊ. प्रश्न: 3/4 + 1/6 = किती? उत्तर अतिसंक्षिप्त रूपात निवडा. बरोबर उत्तर 11/12, कारण 4 आणि 6 यांचा लसावि 12, आणि 9/12 + 2/12. आता चुकीचे पर्याय कुठून आणायचे? मनाला येतील ते आकडे टाकले, म्हणजे 7/12, 5/8 वगैरे, तर मूल चुकलं एवढंच कळेल. त्याऐवजी मुलांच्या वह्यांत तुम्ही शंभरदा पाहिलेल्या चुका आठवा. पहिली, अंशात अंश आणि छेदात छेद मिळवणारं मूल: 4/10. दुसरी, छेद समान करायचा हे आठवतं, पण अंश बदलायचे विसरतात: 4/12. तिसरं मूल लसावि काढत नाही, सरळ छेदांचा गुणाकार करतं: 18/24 + 4/24 = 22/24. हे तिसरं उत्तर चूक नाही, फक्त संक्षिप्त नाही. म्हणूनच प्रश्नात ‘अतिसंक्षिप्त रूपात’ लिहायला विसरू नका, नाहीतर बरोबर गणित करणाऱ्या मुलाला तुम्ही शून्य द्याल आणि त्याच्या आईचा फोन येईल.

असे चार पर्याय असले की मुलाने काय निवडलं यावरूनच तो कुठे अडलाय ते कळतं. पण एका प्रश्नावर निकाल देऊ नका. डोळे मिटून टिक केली तरी चारांतून एकदा ठरावीक पर्याय लागतो. म्हणून त्याच साच्यातला दुसरा प्रश्न तीन-चार प्रश्नांनंतर घाला: 5/6 + 1/4. बरोबर उत्तर 13/12, आणि त्याच तीन चुकांनी अनुक्रमे 6/10, 6/12 आणि 26/24 ही उत्तरं येतात. एकाच मुलाने 4/10 आणि 6/10 दोन्ही निवडले, तर ते केवळ अंदाजाने होण्याची शक्यता सोळात एक. मग समजा की ही त्याची पद्धतच आहे. आठ प्रश्नांत अशा दोन-तीन जोड्या बसतात, आणि सहावीच्या मुलाला एका बैठकीला आठ पुरेत.

फॉर्म करताना `Settings` मध्ये `Make this a quiz` चालू करा. मग प्रत्येक प्रश्नाखाली `Answer key` दिसतं, तिथे बरोबर पर्याय आणि गुण ठरवा. पर्यायांचा क्रम `Shuffle option order` ने विस्कटा, म्हणजे ‘दुसऱ्याचं ब’ असा निरोप शेजारी पोचला तरी उपयोग नाही. पहिला प्रश्न मुलाचं नाव, तोही टाइप करायला न लावता सहा नावांच्या यादीतून निवडायचा. नाहीतर एकच पोर एका आठवड्यात मराठीत, दुसऱ्यात इंग्रजीत आणि तिसऱ्यात आईच्या नावाने सापडेल.

ई-मेल गोळा करणं आणि `Limit to 1 response` दोन्ही बंद ठेवा. फाइल मागणारा प्रश्नही नको. यांतल्या दुसऱ्या-तिसऱ्यासाठी गूगलमध्ये साइन इन लागतं, आणि मग ज्याच्या हाती फोन त्याच्या खात्याचा प्रश्न येतो. गुण लगेच दिसू द्या, पण `Correct answers` हा पर्याय बंद करा. चुकलेला प्रश्न मुलाला कळावा, बरोबर उत्तर नाही. तो चालू राहिला तर पहिल्या मुलाने फॉर्म भरल्यावर पाच मिनिटांत उत्तरांचा स्क्रीनशॉट व्हॉट्सअॅप गटावर असतो आणि मग सहाही जण हुशार निघतात. चुकीच्या उत्तरावर शेरा लिहायची सोय आहे, तिथेही उत्तर न लिहिता उलट प्रश्न टाका: ‘तुझं उत्तर 3/4 पेक्षा मोठं आहे का? असायला हवं का?’ 4/10 आणि 4/12 दोन्ही 3/4 पेक्षा लहान आहेत. काहीतरी मिळवल्यावर आधीचं कमी कसं झालं, यावर अडणारं मूल अर्धं सुधारलेलं असतं.

फॉर्ममध्ये उभा अपूर्णांक लिहिता येत नाही. 3/4 असं आडवं लिहिलेलं सहावीच्या मुलाला अनोळखी वाटतं, आणि मिश्र अपूर्णांक तर आडवे लिहिले की भलतेच वाचले जातात. एक्सकॅलिड्रॉवर किंवा कागदावर मोठ्या अक्षरात लिहा, त्याचं चित्र करा आणि प्रश्नालाच नव्हे, पर्यायांनाही चित्र जोडा. लघुउत्तरी प्रश्न मात्र जपून. तिथे गूगल तुमच्या उत्तराशी अक्षर न् अक्षर जुळवून पाहतं. तुम्ही `11/12` दिलंत आणि मुलाने मराठी कळफलकावरून ११/१२ लिहिलं, तर त्याला शून्य मिळतं. दोन्ही प्रकारचे अंक, मधे जागा सोडलेलं, न सोडलेलं, अशी सगळी रूपं उत्तरांत भरावी लागतात. त्यापेक्षा पर्यायी प्रश्नच बरे.

निकाल पाहताना रंगीत आलेखाकडे लक्ष देऊ नका. सहा मुलांच्या वर्गात ‘33 टक्के’ म्हणजे दोन पोरं. उत्तरं शीटमध्ये उघडा, एका ओळीत एक मूल, आणि ती ओळ आडवी वाचत जा.

समजा तिघांनी 4/10 आणि 6/10 निवडलं, एकीने 4/12 आणि 6/12, एकाने 22/24 आणि 26/24, एकीचं सगळं बरोबर. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना पुन्हा लसावि शिकवायला बसू नका. त्या तिघांचा घोळ लसाविचा नाहीच. अपूर्णांक ही एक संख्या आहे, हे त्यांच्या डोक्यात बसलेलं नाही, त्यांना वर-खाली दोन वेगळे आकडे दिसतात. एक्सकॅलिड्रॉवर तीन ओळी आणि चार रकाने, अशा बारा चौकोनांची जाळी काढा. तिचं चित्र करून व्हाइटबोर्ड डॉट एफआयवरच्या तुमच्या फळ्यावर घ्या आणि तिथून सगळ्यांना पाठवा. सूचना एकच: यातला तीन चतुर्थांश भाग रंगवा. इथे तुमचं काम फक्त पाहायचं. जो तीन पूर्ण रकाने रंगवतो त्याला कळलेलं आहे. जो तीनच चौकोन रंगवतो, त्याने छेदाकडे पाहिलेलंच नाही, आणि हे कुठल्याही गुणपत्रिकेत दिसलं नसतं. नऊ चौकोन रंगले की म्हणा, आता दुसऱ्या रंगाने एक षष्ठांश. दोन चौकोन. मोजा. अकरा, बारांपैकी. मग वहीत 9/12 + 2/12 लिहायला सांगा, म्हणजे ते त्यांनी स्वतः मोजलेलं असतं. कुणी इथेच अडला तर त्याच्या एकट्याचा फळा उघडून पाहा, पण त्याचं नाव घेऊन सगळ्यांसमोर बोलू नका. फळे वेगळे असण्याचा फायदा तोच.

4/12 वाल्या मुलीला जाळीही लागणार नाही. तिच्यासाठी ‘3/4 = □/12’ अशा चार रिकाम्या चौकटी पुरेत. 22/24 वाल्याला शाबासकी द्या आणि फक्त विचारा, की वर-खाली दोन्हीला भाग जाणारी संख्या कोणती? आणि जिचं सगळं बरोबर आलं, तिला एक नवा प्रश्न तयार करायला लावा, चुकीच्या पर्यायांसकट. हे काम वाटतं त्यापेक्षा अवघड आहे, ती गुंतून राहील.

आता काहूट. पैसे न भरताही सहा मुलांचं भागतं, तो मुद्दा नाही. तिथे लवकर उत्तर देणाऱ्याला जास्त गुण असतात, म्हणजे ज्याच्या घरी रेंज चांगली तो हुशार. मधल्या गुणफलकावर पहिली पाच नावं येतात. साठ मुलांच्या वर्गात त्याने कुणाचं काही बिघडत नाही. तुमच्याकडे सहा मुलं, तेव्हा ज्याचं नाव नाही तो कोण, हे प्रत्येक प्रश्नानंतर सगळ्यांना कळतं. शिवाय मुलांकडे पडदा एकच. मीटमधून काहूटवर उडी मारायची, तोवर वेळ संपलेली असते. खेळ हवाच असेल तर वेग्राउंड घ्या. पूर्वी ते क्विझिझ होतं, बंगळूरमध्ये सुरू झालेलं, 2025 मध्ये नाव बदललं. त्यात प्रश्न मुलाच्या स्वतःच्या पडद्यावर येतो, घड्याळ बंद करता येतं आणि प्रत्येक जण आपल्या गतीने जातो. पाढे, वर्गसंख्या, एककं अशा पाठांतराच्या गोष्टींना महिन्यातून दोनदा ते ठीक आहे. पायऱ्यांच्या गणिताला नको.

वेळेचं गणित सांभाळा. मीटच्या मोफत खात्यावर तीन किंवा अधिक जण असले की बैठक 60 मिनिटांत बंद होते. तुमचा फोन आणि लॅपटॉप धरून तुम्ही आठ. म्हणून वर्ग 50 मिनिटांचाच ठरवा आणि फॉर्म वर्गात भरून घेऊ नका. आदल्या संध्याकाळी गटावर टाका, बाबा घरी आल्यावर फोन मोकळा होतो त्या वेळेला. रात्री तुम्ही शीट वाचली की उद्या कुणाला काय द्यायचं ते ठरतं. एकाच घरातली दोन भावंडं एका फोनवर असतील तर त्यांना फॉर्म दोनदा भरू द्या. `Limit to 1 response` बंद ठेवल्याचा इथेही उपयोग होतो.

शेवटचं, व्हाइटबोर्ड डॉट एफआयचा वर्ग तुम्ही बंद केलात की मुलांचे फळे पुसले जातात. ज्यांच्यावर पुन्हा नजर टाकायची आहे, ते त्याआधी पीडीएफ करून लॅपटॉपवर मुलाच्या नावाच्या फोल्डरमध्ये ठेवा. एक्सकॅलिड्रॉवरची तुमची जाळीही ब्राउझरमध्येच असते, ब्राउझर साफ केला की गेली. तिची `.excalidraw` फाइल उतरवून ठेवा. पुढच्या आठवड्यात भागाकाराला तीच लागणार आहे.